एकाच फोटोचे दोन भाव

मोबाइलवरचा फोटो पुढे करून "दादा, असं डेकोरेशन कितीला पडेल?" असं विचारलं, की एक जण २२ हजार सांगतो आणि दुसरा ४० हजार. ऐकणाऱ्याला वाटतं, दुसरा लुटायला बसलाय, किंवा पहिला ऐन वेळी हात वर करणार. पुष्कळदा दोन्ही खोटं असतं. दोघांनी एकच फोटो बघितलेला असतो, पण मनात दोन वेगळी कामं मांडलेली असतात. एकाने स्टेजच्या मागे झेंडूच्या माळा सोडल्या आहेत आणि दुसऱ्याने तीच भिंत गुलाबाने भरून काढली आहे. फोटोत दोन्ही "फुलांची भिंत"च दिसतात. हिशेबात मात्र त्यांची तुलनाच होत नाही.

लहान लग्न म्हणजे शंभर-दीडशे माणसं, छोटा हॉल, स्टेज आणि एक प्रवेशद्वार. वास्तुशांत म्हणजे फ्लॅटचा दरवाजा, पूजेच्या चौरंगामागची भिंत, फार तर लिफ्टसमोर एक फुलांची रांगोळी. या कामांना फुलामागे किंवा किलोमागे भाव नसतो. अख्ख्या सेटअपचा एक आकडा सांगितला जातो. तो आकडा कसा तयार होतो हे कळलं, तर घासाघीस कुठे करायची आणि कुठे नाही, हेही कळतं.

फूट मोजा, मग दाटी मोजा

फुलांचं काम दोन प्रकारचं असतं. एक माळेचं, दुसरं भरीव. माळेचं काम लांबीवर मोजतात. चौकट किती फुटांची, दोन माळांमध्ये अंतर किती, एकेक माळ किती लांब. भरीव काम क्षेत्रफळावर मोजतात, म्हणजे एका चौरस फुटात किती फुलं बसतात त्यावर.

झेंडूचं मध्यम फूल साधारण सात-आठ ग्रॅमचं असतं. म्हणजे किलोत सव्वाशे ते एकशे चाळीस फुलं येतात. दाभणाने घट्ट ओवली, तर एका फुटाला बारा-तेरा फुलं लागतात. त्यामुळे एक किलो झेंडूत साधारण दहा फूट माळ होते, असं धरून चालायला हरकत नाही. फूल बारीक असेल किंवा ओवणाऱ्याने सैल ओवलं, तर हा आकडा हलतो. म्हणून माल घरी आल्यावर एक किलो तोलून, ओवून, टेपने मोजून बघावं. पुढचा सगळा हिशेब त्या एका मापावर उभा राहतो.

आता आठ फूट रुंद आणि आठ फूट उंच अशी एक भिंत घ्या. तिच्यावर सहा-सहा इंचांवर उभ्या माळा सोडल्या तर सतरा माळा लागतात, म्हणजे १३६ फूट, म्हणजे साडेतेरा-चौदा किलो झेंडू. माळांमधलं अंतर चार इंच केलं तर पंचवीस माळा होतात आणि काम वीस किलोवर जातं. अंतर नऊ इंच केलं तर बारा माळांत भागतं आणि दहा किलोही पुरतात. भिंत तीच, फोटोही दुरून जवळपास सारखाच, पण माल दुप्पट किंवा निम्मा. मापाशिवाय सांगितलेला भाव किंवा मापाशिवाय केलेली घासाघीस इथेच फसते. डेकोरेटर आकडा कमी करायला तयार होतो आणि मग अंतर वाढवतो. दोघंही खूश होतात. ऐन दिवशी माळांच्या मधून पडदा दिसायला लागतो, तेव्हा वाद होतो.

भरीव कामात दाटीचा हिशेब आणखी कडक असतो. पॉलिहाउसमधला डच गुलाब उमलल्यावर साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा होतो. मागचं काही दिसू नये अशा दाटीने लावला तर एका चौरस फुटाला पंचवीस फुलं लागतात. आठ बाय आठची भिंत चौसष्ट चौरस फुटांची. म्हणजे सोळाशे गुलाब. डच गुलाबाच्या गड्डीत वीस नग येतात, म्हणजे ऐंशी गड्ड्या. तीच भिंत झेंडूने भरली तर चौरस फुटाला छत्तीसच्या आसपास फुलं, म्हणजे पाव किलोहून थोडं जास्त, आणि अख्ख्या भिंतीला सतरा-अठरा किलो लागतात. गड्डी १५० रुपयांना आणि झेंडू किलोला ६० रुपयांना धरला, तर गुलाबाचे १२ हजार होतात आणि झेंडूचे जेमतेम हजार-अकराशे. भिंतीचं माप एक इंचही बदललेलं नाही.

बाजारात भाव कशाचा असतो

पुण्याचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फुलबाजारात येतो आणि मुंबईचा दादरच्या फुलबाजारात. दोन्ही ठिकाणी खरी उलाढाल पहाटे होते. झेंडू आणि शेवंती पुरंदर, जुन्नर, पारनेर या भागांतून येते. गुलाब आणि जर्बेरा मावळातल्या पॉलिहाउसमधून येतो. मोगरा पालघर जिल्ह्यातल्या वाडा-विक्रमगडकडचा. ऑर्किडच्या काड्या बहुतेक थायलंडहून विमानाने येतात, त्यामुळे त्यांच्या भावाला इथल्या पावसापेक्षा डॉलरची आणि विमानभाड्याची चिंता जास्त.

बाजारातल्या फळ्यावर प्रत्येक फुलाचं माप वेगळं असतं. झेंडू, कापरी, शेवंती, सुटी गुलछडी किलोवर. डच गुलाब आणि कार्नेशन वीस नगांच्या गड्डीवर. जर्बेरा, लिलियम, ऑर्किड, ग्लॅडिओ दहा काड्यांच्या जुडीवर. हे माहीत नसलेला माणूस घरी फोन करून सांगतो, की गुलाब दीडशेला आहे आणि जर्बेरा पन्नासला, म्हणजे जर्बेरा खूपच स्वस्त. प्रत्यक्षात गुलाब साडेसात रुपयांना एक आणि जर्बेरा पाच रुपयांना एक, एवढाच फरक असतो. त्यात जर्बेराचं फूल जवळजवळ दुप्पट रुंद. जागा भरायची असेल तर जर्बेरा गुलाबापेक्षा खूप पुढे जातो.

भाव कधी चढणार हे कॅलेंडरवर बघून बऱ्यापैकी सांगता येतं. दसऱ्याला झेंडू, गौरी-गणपतीत शेवंती, मार्गशीर्षातल्या गुरुवारांना सगळंच. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मावळातला चांगला गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशात आणि मोठ्या शहरांत जातो, आणि स्थानिक लग्नांना उरतो तो दुसऱ्या प्रतीचा माल, तोही चढ्या भावात. वास्तुशांतीची पंचाईत अशी, की लोकांना गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया नाहीतर दसराच हवा असतो, आणि त्याच दिवशी अख्ख्या शहराला तोरण हवं असतं. गृहप्रवेश पाडव्याला आणि पूजा पुढच्या चांगल्या मुहूर्तावर, अशी विभागणी जमली तर त्याच पैशांत दुप्पट फुलं येतात.

पावसाळ्यात भाव पडलेला दिसला तरी हुरळून जाऊ नये. भिजलेला झेंडू वजनाला जड असतो, म्हणजे किलोमागे फुलं कमी येतात, आणि तो टिकतही नाही. क्रेट घेताना वरची फुलं बघून उपयोग नसतो, कारण वरचा थर नेहमीच छान असतो. क्रेटमध्ये किंवा पोत्यात मधोमध कोपरापर्यंत हात घालायचा. आत गरम लागलं तर तो माल सोडायचा. फुलं तोडल्यावरही श्वास घेत असतात आणि दाबून भरलेल्या ओल्या मालात ती उष्णता कोंडते. असा माल संध्याकाळपर्यंत ठीक दिसतो आणि सकाळी पाकळ्या देठाकडून तपकिरी होऊन गळायला लागतात. दुसरी खूण फूल उलटं करून दिसते. हिरवी वाटी टणक आणि कोरडी हवी. बोटाने दाबल्यावर ती चिकट लागली की फूल आतून संपलंय.

गुलाबाची परीक्षा वेगळी. कळीच्या पोटाशी, देठाच्या वर, चिमटीत हलकं दाबायचं. कडक लागली तर ताजी, मऊ लागली तर जुनी. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट, जाडसर, डागाळलेल्या असतात. त्या बघून माल नाकारायचं कारण नाही. त्या आतल्या पाकळ्यांचं रक्षण करतात आणि लावण्याआधी सोलून टाकायच्याच असतात.

एक लग्न, आकड्यांसकट

पुण्यातला एक छोटा हॉल, सव्वाशे माणसं, सकाळी अकराच्या सुमाराचा मुहूर्त. स्टेज सोळा फूट रुंद. मागचा बॅकड्रॉप बारा फूट रुंद आणि आठ फूट उंच. प्रवेशद्वाराला सहा फूट रुंद, सात फूट उंच कमान. पुढचे सगळे भाव हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या मुहूर्ताच्या आठवड्यातले भाव बाजारात विचारून त्या जागी घालावेत. पद्धत तीच राहते.

मांडणी अशी ठरली. मध्ये सहा फूट पांढरा पडदा मोकळा. त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट रुंद पट्ट्यांत सहा इंचांवर झेंडूच्या उभ्या माळा. वर बारा फुटांची झालर. स्टेजच्या पुढच्या कडेला दुहेरी माळ. पडद्यावर शेवंती, गुलाब, जर्बेरा आणि कामिनीच्या हिरव्या काड्यांचे तीन गुच्छ, प्रत्येक साधारण दीड फुटाचा. कमानीला दुहेरी माळ, तोरण आणि दोन केळीचे खांब.

माळांचं माप काढू. एका बाजूच्या पट्टीत आठ फुटांच्या सात माळा, दोन्ही बाजू मिळून ११२ फूट. झालरीला आडवी बारा फूट आणि फुटा-फुटाच्या पंचवीस लोंब्या, म्हणजे ३७ फूट. स्टेजची कड दुहेरी ३२ फूट. कमानीची चौकट वीस फूट, दुहेरी चाळीस, आणि तोरणाच्या तेरा लोंब्या, म्हणजे ५३ फूट. एकूण २३४ फूट. दहा फुटांना एक किलो या मापाने साडेतेवीस किलो होतात. निवडताना गळणारी, चुरगळलेली फुलं पंधरा टक्के धरली की सत्तावीसच्या पुढे जातं. म्हणून अठ्ठावीस किलो झेंडू घ्यायचा.

अठ्ठावीस किलो झेंडू ६० रुपयांनी १,६८० रुपये. चार किलो पांढरी शेवंती १२० ने ४८०. चार गड्ड्या गुलाब १५० ने ६००. सहा जुड्या जर्बेरा ५० ने ३००. माळांच्या टोकांना लावायला दोन किलो गुलछडी १५० ने ३००. कामिनी, ड्रेसिना वगैरे हिरवळ ५००. केळीचे दोन खांब ३००. गुच्छांसाठी आठ फोमच्या विटा ५० ने ४००. बेरीज ४,५६० रुपये. ऐन वेळी भाव चढला तर हाताशी असावेत म्हणून थोडे वर धरून ५,००० म्हणू.

आता फुलांशिवायचा खर्च. २३४ फूट माळ ओवून घ्यायला फुटाला ६ रुपयांनी सुमारे १,४०० रुपये. लावायला चार माणसं एक रात्र, प्रत्येकी १,२०० रुपयांनी ४,८००. टेम्पो जाऊन-येऊन २,५००. पाइपचा सांगाडा, पडदा, शिडी, तार यांचं भाडं किंवा झीज २,५००. लग्न झाल्यावर उतरवायला दोन माणसं १,२००. ही बेरीज १२,४००. फुलं मिळवून १७,४००. त्यावर डेकोरेटरचं नियोजन, फुलं वाया गेली तर अंगावर घ्यायची जोखीम आणि नफा मिळून तेवीस टक्के धरले, तर सेटअपचा भाव २१,४०० रुपयांच्या आसपास येतो.

यात फुलांचा वाटा पाचातल्या सव्वा रुपयाएवढाही नाही. म्हणूनच झेंडू ६० चा १२० झाला तरी सेटअप १,७०० रुपयांनीच वाढायला हवा, म्हणजे आठ टक्के. "दसऱ्यामुळे फुलं दुप्पट झाली, म्हणून डेकोरेशन दुप्पट" असं कोणी सांगितलं तर त्याला हा हिशेब दाखवता येतो. उलट बाजूही खरी आहे. "आमच्या शेतातला झेंडू आणून देतो, निम्म्यात करा" असं म्हणणाऱ्याचे पैसेही फार वाचत नाहीत. चार माणसं, टेम्पो आणि शिडी शेतातून येत नाहीत.

आता त्याच बॅकड्रॉपच्या दोन बाजूंच्या पट्ट्या माळांऐवजी गुलाबाने भरायच्या ठरल्या, तर काय होतं ते बघा. दोन पट्ट्यांचं क्षेत्रफळ अठ्ठेचाळीस चौरस फूट. बाराशे गुलाब, साठ गड्ड्या, ९,००० रुपये. गुलाब रात्रभर पाण्याशिवाय राहत नाही, म्हणून मागे ओला फोम लागतो. फोमची वीट जाडीत मधून कापून दोन केल्या तरी अठ्ठ्याऐंशी विटा लागतात, म्हणजे ४,४०० रुपये. एकेक देठ कापून टोचायला आणखी दोन माणसं, २,४०० रुपये. वाचलेला झेंडू आणि ओवणावळ वजा करून खर्च सव्वाचौदा हजारांनी वाढतो, आणि त्यावर डेकोरेटरचे तेवीस टक्के धरले की सेटअप ३९ हजारांवर जातो. सुरुवातीचा ४० हजारवाला माणूस लुटत नव्हता. त्याने बहुधा फोटोतल्या गुलाबी पट्ट्या खऱ्या गुलाबाच्या धरल्या होत्या. २२ हजारवाल्याने त्या झेंडूच्या किंवा कापडी फुलांच्या धरल्या असणार. कापडी आणि ताजी फुलं मिसळणं हा गुन्हा नाही, पण ते आधी सांगायला हवं. दहा फुटांवरून ते कळत नाही. वधूशेजारी बसून काढलेल्या फोटोत लगेच कळतं.

वास्तुशांतीत छोटं काम महाग का पडतं

फ्लॅटचा दरवाजा साडेतीन फूट रुंद आणि सात फूट उंच. चौकटीची माळ साडेसतरा फूट, चार इंचांवर अकरा लोंब्यांचं तोरण अकरा फूट, गाठींना आणि सांध्यांना तीन-चार फूट. बत्तीस फूट माळ म्हणजे गळती धरून चार किलो झेंडू, २४० रुपये. वर आंब्याचे टाळे. तरी डेकोरेटर अडीच-तीन हजार सांगतो, आणि लोक म्हणतात, चार किलो झेंडूचे तीन हजार?

इथे फुलं हा खर्चच नाही. दोन माणसं सकाळी सहाला तुमच्या सोसायटीत पोहोचायची, वॉचमनकडे नोंद करून वर यायची, दोन तास काम करायची आणि त्यांचा सकाळचा दुसरा मुहूर्त त्यामुळे जायचा, याचे ते पैसे असतात. म्हणून फक्त दरवाजा करायचा असेल तर तो घरच्यांनीच करावा. मार्केटमधून ओवलेल्या माळा आणल्या तर कामाचा मोठा भाग तिथेच संपतो. दरवाजा, चौरंगामागची भिंत आणि लिफ्टसमोरची रांगोळी असं तिन्ही एकत्र द्यायचं असेल, तरच डेकोरेटर परवडतो. माणसं तीच, वेळ थोडा जास्त.

घरातल्या कामाच्या अडचणी हॉलपेक्षा वेगळ्या असतात. नव्या फ्लॅटच्या भिंतीवर खिळा मारायचा नाही आणि टेप लावली तर रंग निघतो. म्हणून चौरंगामागे भिंतीला न चिकटवता दोन पायांवर उभा राहणारा पाइपचा सांगाडा मागावा. दरवाजाच्या माळा बांधण्याआधी सेफ्टी डोअर एकदा पूर्ण उघडून-मिटून बघावं, नाहीतर पहिल्याच पाहुण्याबरोबर अर्धं तोरण दारात अडकून तुटतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे होमकुंड. नेटचा पडदा, सुकलेली पानं आणि फोमच्या विटा होमापासून चार-पाच फूट लांब हव्यात, आणि वरती लटकणारं काहीही होमाच्या बरोबर वर नको. सजावट आदल्या रात्री झालेली असते आणि होम नक्की कुठे मांडायचा हे गुरुजी सकाळी येऊन ठरवतात. गुरुजी आणि डेकोरेटर यांचं आधी फोनवर बोलणं झालेलं असलं, तर पूजेच्या वेळी पडदा सरकवायची धावपळ होत नाही.

फुलं कधी आणायची आणि कुठे मान टाकतात

सगळी फुलं एकाच दिवशी आणणं ही नवख्यांची नेहमीची चूक. बाजारातला डच गुलाब घट्ट कळी असतो. तसाच लावला तर पंचवीसाऐवजी चाळीस लागतील आणि तरीही भिंत भरणार नाही. म्हणून तो लावण्याच्या एक दिवस आधी आणायचा, देठ तिरके कापून कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायचा आणि उमलू द्यायचा. झेंडू आणि शेवंती आदल्या सकाळी आणून, सावलीत चादरीवर पातळ पसरायची. त्यांना पाणी मारून पिशवीत बांधून ठेवलं की काळी पडतात. गजऱ्यांचा मोगरा त्याच पहाटे आणायचा, ओल्या सुती फडक्यात. गुलछडी खालून वर उमलत जाते, त्यामुळे खालची दोन-तीन फुलं उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या असलेली काडी लग्नाच्या सकाळी ऐन भरात असते.

गुलाब आणि जर्बेरा मान टाकतात, त्याचं कारण बहुतेक वेळा देठात अडकलेली हवा किंवा साठलेले जिवाणू असतात. फूल ताजं असतं, पण पाणी डोक्यापर्यंत चढत नाही. म्हणून देठ पाण्यात बुडवूनच कापला तर बरा, आणि कापल्यावर कोरड्या जागी पाच मिनिटंही ठेवू नये. जर्बेराचा देठ पोकळ आणि लवदार असतो. बादलीभर पाण्यात तो खालून कुजतो, म्हणून त्याला चार बोटं पाणीच पुरे.

फोमची वीट भिजवताना हमखास एक चूक होते. घाई म्हणून वीट हाताने पाण्यात दाबली जाते. बाहेरून ती भिजलेली दिसते, पण मधोमध कोरडी राहते, कारण बाहेर पाणी शिरल्यावर आतली हवा कोंडून बसते. त्या कोरड्या भागात टोचलेली फुलं नेमकी मुहूर्ताच्या वेळी माना टाकतात. वीट पाण्यावर नुसती ठेवून द्यायची. ती आपोआप बुडते. बुडेपर्यंत थांबायचं. एकदा सुकलेली वीट पुन्हा नीट भिजत नाही, त्यामुळे दुसऱ्या लग्नातली वाचलेली वीट कुणी आणली तर ती घेऊ नये. हा फोम कुजतही नाही. निर्माल्याच्या ढिगात तो मिसळू नये, वेगळा काढायचं काम आधीच ठरवून घ्यावं. तीन छोटे गुच्छच असतील, तर फोमऐवजी मागे बारीक जाळी आणि पाण्याच्या छोट्या नळ्या वापरूनही काम होतं.

उभ्या माळेची एक खोड मात्र फुलं कितीही ताजी असली तरी त्रास देते. रात्री बांधलेली माळ सकाळी वरून फूटभर रिकामी दिसते. झेंडू सुकताना आकसतो, त्याच्या वजनाने सगळी फुलं दोऱ्यावरून खाली सरकतात आणि वर नुसता दोरा राहतो. यावर उपाय साधा आहे. फूट-दोन फुटांवर फुलाभोवती एकेक गाठ घ्यायची, आणि खालच्या टोकाला दुमडलेलं पान ओवून गाठ मारायची. घाईत ओवलेल्या स्वस्त माळांमध्ये या गाठी नसतात. माळ हातात उभी धरून हलकी झटकली, की लगेच कळतं.

भाव ठरवताना काय लिहून घ्यायचं

फोटोवर भाव ठरवू नये. मापांवर ठरवावा. बॅकड्रॉपची लांबी-उंची, माळांमधलं अंतर, प्रत्येक गुच्छाचा आकार, कुठलं फूल ताजं आणि कुठलं कापडी, हे चार ओळींत लिहून घेतलं की दोन डेकोरेटरांचे भाव खरंच शेजारी ठेवून बघता येतात. एखादं फूल न मिळाल्यास कशाने बदलायचं, तेही तिथेच लिहावं. पिवळ्या जर्बेराच्या जागी पिवळी शेवंती चालेल, पण गुलाबाच्या जागी कापडी गुलाब चालणार नाही, अशा स्पष्ट भाषेत. हॉल ताब्यात किती वाजता मिळतो, हे तुम्ही आणि डेकोरेटर दोघांनीही व्यवस्थापकाला विचारलेलं असावं. आदल्या रात्रीचं रिसेप्शन बाराला संपत असेल, तर चार माणसांची मजुरी रात्रपाळीच्या भावाने जाते, आणि तो खर्च कुणाचा यावरून नंतर भांडण होतं. उतरवून नेण्याची वेळही लिहावी, कारण हॉलवाले पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला की पैसे कापतात.

पैसे कमी असतील तेव्हा बहुतेक लोक सगळीकडेच थोडं-थोडं कमी करायला सांगतात. दाटी कमी होते आणि प्रत्येक जागा अर्धवट दिसते. त्याऐवजी जागा कमी करावी. स्टेजवर वधू-वर बसलेले असताना, त्यांच्या खांद्यापासून डोक्याच्या दोन फूट वरपर्यंतचा भाग जवळजवळ प्रत्येक फोटोत असतो. गुडघ्याखालचा भाग खुर्च्या आणि उभे पाहुणे झाकतात, आणि स्टेजची पुढची कड तर अक्षता टाकणाऱ्यांच्या गर्दीत कुणालाच दिसत नाही. वरच्या हिशेबातली ३२ फूट कडेची माळ काढून टाकली तर पैसे फार वाचत नाहीत, पण तीच साडेतीन किलो फुलं खुर्च्यांच्या मागच्या दोन्ही पट्ट्यांत दिली, तर तिथलं सहा इंचांचं अंतर साडेचार इंचांवर येतं. त्याच पैशांत माळांमागचा पडदा झाकला जातो, आणि नेमका तिथेच, जिथे कॅमेरा दिवसभर रोखलेला असतो.